डोळे आले, ते कुठून आले?

२०२३ च्या जुलैमध्ये आळंदी परिसरातल्या शाळांमधून डोळे येण्याची साथ सुरू झाली आणि थोड्याच दिवसांत ती राज्यभर पसरली. गॉगलची विक्री वाढली, औषधाच्या दुकानांतून थेंबांच्या बाटल्या संपल्या आणि “त्याच्याकडे बघू नकोस, तुलाही येतील” हे वाक्य घरोघरी पुन्हा ऐकू यायला लागलं. बघण्याने डोळे येत नाहीत. मग ते येतात कसे, आणि एकाच घरात कधी सगळ्यांना तर कधी एखाद्यालाच का येतात? या लेखात मुख्यतः अ‍ॅडिनोव्हायरसमुळे येणाऱ्या डोळ्यांचा माग काढू. या विषाणूचा एक ठरलेला रस्ता आहे, आणि अनेकदा तो रस्ता डोळ्यांच्या दवाखान्यातूनच सुरू होतो.

दोन वेगळे आजार, दिसायला सारखे

विषाणूमुळे डोळे येतात तेव्हा सहसा दोनपैकी एका गटातला विषाणू कारणीभूत असतो. एक गट एंटेरोव्हायरसचा. १९७१ मध्ये बंगालमध्ये निर्वासितांच्या छावण्यांच्या काळात पसरलेली आणि लोकांनी ‘जय बांगला’ म्हणून ओळखलेली साथ या गटाची. २०२३ च्या साथीतही देशात अनेक ठिकाणच्या नमुन्यांत याच गटातला कॉक्सॅकी ए-२४ सापडला. हा विषाणू घाईचा असतो. संसर्ग झाल्यावर एक-दोन दिवसांत डोळा लाल होतो, पांढऱ्या भागात रक्त साकळल्यासारखं दिसतं, दोन्ही डोळे जवळजवळ एकदमच सुजतात आणि आठवडाभरात सगळं ओसरतं.

दुसरा गट अ‍ॅडिनोव्हायरसचा, आणि तो संथ आहे. संसर्ग झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण पाच ते बारा दिवस जातात, सरासरी आठवडाभर धरायला हरकत नाही. आजार दोन ते तीन आठवडे चालतो. साथीच्या गोंधळात कोणता विषाणू आहे हे प्रयोगशाळेशिवाय खात्रीने सांगता येत नाही. पण कॅलेंडर बरंच काही सांगतं. घरातल्या चार जणांना दोन दिवसांत एकापाठोपाठ डोळे आले तर संशय पहिल्या गटावर घ्यावा. एकाला आज, दुसऱ्याला आठ दिवसांनी आणि तिसऱ्याला त्यानंतर आठवड्याने आले, तर अ‍ॅडिनोव्हायरस असण्याची शक्यता जास्त.

अ‍ॅडिनोव्हायरसचेही अनेक प्रकार आहेत. प्रकार ३, ४ आणि ७ मध्ये डोळ्यांबरोबर ताप येतो आणि घसा धरतो. मुलांमध्ये हे जास्त दिसतं, आणि क्लोरीन नीट न टाकलेल्या पोहण्याच्या तलावांतूनही ते पसरलेलं आहे. प्रकार ८, ३७ आणि त्यांच्या काही भाऊबंदांना मात्र डोळाच आवडतो. दवाखान्यातून पसरणाऱ्या साथींमागे सहसा हेच असतात, म्हणून पुढचं बहुतेक सगळं त्यांच्याबद्दल आहे.

कसं ओळखावं

सुरुवात एका डोळ्यापासून होते. डोळ्यात वाळूचा कण गेल्यासारखं खुपतं, सतत पाणी गळतं, पापणी जड होते आणि डोळा लालभडक दिसतो. सकाळी पापण्या चिकटलेल्या असतात, पण दिवसभर गळतं ते बहुतांशी पाणीच असतं, पिवळा-हिरवा घट्ट पू नसतो. तीन-चार दिवसांनी दुसरा डोळाही येतो. हा दुसरा डोळा सहसा पहिल्याइतका त्रास देत नाही.

एक खूण घरीही तपासता येते. कानाच्या पाळीच्या पुढे, गालफडाच्या वरच्या टोकाला बोटाने हलकेच दाबून पाहावं. ज्या बाजूचा डोळा आधी आला, त्या बाजूला वाटाण्याएवढी दुखरी गाठ लागली तर विषाणूचा संशय बळावतो. अ‍ॅलर्जीने लाल झालेल्या डोळ्यात ही गाठ नसते. तिथे खाज जास्त असते आणि दोन्ही डोळे एकदमच चुरचुरतात. डोळ्याच्या डॉक्टरने खालची पापणी ओढून पाहिली, तर आतल्या गुलाबी त्वचेवर बारीक बारीक फुगीर दाणे दिसतात. जोरदार आजारात पापणीच्या आत पातळ पापुद्रा धरतो. तो डॉक्टरांनीच काढायचा असतो, घरी कापसाने ओरबाडायचा नाही.

पहिल्या आठवड्यात आजार वाढत जातो, म्हणजे पाचव्या-सहाव्या दिवशी डोळा पहिल्या दिवसापेक्षा वाईट दिसतो. हे आधी माहीत नसलं की लोक “औषध लागू पडत नाही” म्हणून डॉक्टर बदलतात, आणि दुसऱ्या दवाखान्याच्या खुर्चीवर, दाराच्या मुठीवर आणि पेनावर तोच विषाणू ठेवून येतात.

कोरड्या टेबलावरही जिवंत

आपल्याला ठाऊक असलेल्या बऱ्याच विषाणूंवर, उदाहरणार्थ फ्लूच्या किंवा कोरोनाच्या विषाणूवर, चरबीचा एक पातळ पडदा असतो. साबण किंवा अल्कोहोल त्या पडद्याला विरघळवतो आणि विषाणू निकामी होतो. अ‍ॅडिनोव्हायरसवर असा पडदाच नाही. त्याचं कवच प्रथिनांचं असतं आणि ते टणक असतं. त्यामुळे विरघळवण्याजोगं काही नसतं आणि वाळूनही तो लवकर मरत नाही. प्लास्टिकसारख्या गुळगुळीत पृष्ठभागावर तो कित्येक आठवडे तग धरतो. पुसण्याने नाही, धुण्याने जातो, असा हा विषाणू आहे.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, कोरोनाच्या दिवसांत अंगवळणी पडलेलं सॅनिटायझर इथे पुरं पडत नाही. अल्कोहोल काही प्रमाणात उपयोगी असलं तरी हाताला दोन थेंब चोळून सुटका झाली असं समजू नये. नळाखाली साबणाने नीट चोळून हात धुण्याचा फायदा वेगळा आहे: साबण विषाणूला मारतो म्हणून नाही, तर तो हातावरून सुटून पाण्याबरोबर वाहून जातो म्हणून. त्यासाठी वीस सेकंद चोळणं, बोटांच्या फटी आणि नखांची टोकं घासणं आणि मग वाहत्या पाण्याखाली धरणं आवश्यक आहे. बादलीत हात बुडवून धुतला तर विषाणू बादलीतच राहतो.

दुसरी गोष्ट दवाखान्यांच्या दृष्टीने महत्त्वाची: ७० टक्के अल्कोहोलच्या बोळ्याने पुसून उपकरण पुढच्या रुग्णाला लावणं अ‍ॅडिनोव्हायरससमोर भरवशाचं नाही. त्याकडे परत येऊ.

हातांबद्दलची आणखी एक नोंद सांगण्यासारखी आहे. १९९६ साली अमेरिकेतल्या पिट्सबर्गमधल्या डॉक्टरांनी या आजाराच्या रुग्णांच्या हातांचे नमुने घेतले. जवळपास निम्म्या रुग्णांच्या हातांवर जिवंत अ‍ॅडिनोव्हायरस सापडला. म्हणजे रुग्ण तुमच्याशी हस्तांदोलन करतो, पाळी येईपर्यंत खुर्चीच्या हातावर हात ठेवून बसतो किंवा दहाची नोट पुढे करतो, तेव्हा तो विषाणूही पुढे करत असू शकतो. डोळ्यातून डोळ्यात उडी मारायची शक्ती त्याच्यात नाही. मधे बोट लागतंच.

गोदी कामगारांचे डोळे

हा आजार दवाखान्यातून पसरतो हे नवीन नाही. एर्न्स्ट फुक्स यांनी व्हिएन्नात १८८९ साली त्याचं वर्णन केलं होतं. पण त्याची वाट उघड झाली ती दुसऱ्या महायुद्धात. १९४१-४२ मध्ये हवाईमधल्या पर्ल हार्बरच्या आणि मग अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या जहाजबांधणी गोद्यांत हजारो कामगारांचे डोळे आले. इंग्रजीत त्याला चक्क गोदीचा डोळा असंच नाव पडलं.

कारण गोदीच्या हवेत नव्हतं. वेल्डिंग आणि घासकामात धातूचे कण डोळ्यांत जायचे आणि कामगार गोदीच्या प्रथमोपचार केंद्रात ते काढून घ्यायला यायचे. तिथे एकामागून एक डोळे उघडले जायचे, तीच उपकरणं, तेच हात, तेच थेंब. कण निघायचा, आणि साताठ दिवसांनी संसर्ग घेऊन कामगार परत यायचा. लक्षणं इतक्या उशिरा दिसत असल्यामुळे दवाखान्याचा आणि आजाराचा संबंध लगेच ध्यानात आला नाही. विषाणू सापडायला त्यानंतर आणखी बरीच वर्षं लागली: अर्नेस्ट जॅवेट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रकार ८ वेगळा करून १९५५ मध्ये त्याची नोंद केली.

आज गोदीची जागा दवाखान्याने घेतली आहे, एवढाच फरक.

दवाखान्यात तो कुठून कुठे जातो

एका साध्या दवाखान्याची सकाळ पाहू. मोतीबिंदू तपासायला आलेल्या आजोबांच्या डोळ्यात बाहुली मोठी करणारे थेंब घालायचे आहेत. रांगेत त्यांच्या आधी लाल डोळ्याचा एक तरुण होता. काउंटरवरच्या ताईंनी त्याची खालची पापणी बोटाने ओढली आणि थेंब टाकला. बाटलीचं टोक पापणीच्या केसांना हलकेच टेकलं, कुणाच्या लक्षातही आलं नाही. नंतर त्याच बोटाने आजोबांची पापणी ओढली आणि त्याच बाटलीने थेंब टाकला. मग आजोबा अर्धा तास डोळे मिटून बाकावर बसले, थेंब चुरचुरले म्हणून मधे दोनदा रुमालाने डोळे पुसले. त्यानंतर तपासणीच्या यंत्रावर हनुवटी आणि कपाळ टेकवलं. तिथे त्या तरुणाचेही टेकले होते. शेवटी डोळ्याचं प्रेशर मोजण्यासाठी यंत्राचं छोटं टोक थेट बुबुळावर टेकवलं गेलं.

संसर्गाच्या दृष्टीने या साखळीतली सगळ्यात धोक्याची कडी म्हणजे हे शेवटचं टोक आणि थेंबांची बाटली, कारण तेवढ्याच दोन वस्तू डोळ्याच्या पृष्ठभागाला थेट स्पर्श करतात. बोट त्यांच्या खालोखाल. खुर्ची, दार, पेन, चष्म्याचा ट्रायल फ्रेम हे तिसऱ्या क्रमांकावर, पण मोजणीत तेच सर्वांत जास्त. काळा गॉगल या यादीत कुठेच नाही. गॉगलने रुग्णाला उजेडाचा त्रास कमी होतो आणि हात डोळ्याकडे जायला थोडा अडथळा होतो. दुसऱ्याचं रक्षण त्याने होत नाही.

दवाखान्याने करायच्या गोष्टी

पहिली गोष्ट दारातच होते. लाल डोळ्याच्या रुग्णाला “किती दिवस झाले? घरात आणखी कुणाला?” असं विचारून वेगळ्या खुर्चीवर बसवायचं आणि शक्य तितक्या लवकर तपासून मोकळं करायचं. मोतीबिंदूच्या रुग्णांबरोबर अर्धा तास बसवलेला एक लाल डोळा सगळ्यांना महाग पडतो.

प्रेशर मोजण्याच्या टोकासाठी, जर ते पुन्हा वापरायचं असेल, तर ठरलेली पद्धत अशी. आधी वाहत्या पाण्याखाली ते साफ करायचं, कारण वर चिकटलेला स्राव जंतुनाशकाला अडवतो. मग घरगुती ब्लीचच्या एका भागात नऊ भाग पाणी घालून केलेल्या द्रावणात पाच ते दहा मिनिटं बुडवून ठेवायचं. बाजारात मिळणारं सोडियम हायपोक्लोराइट साधारण चार-पाच टक्क्यांचं असतं, म्हणजे शंभर मिलिलीटर द्रावणात नऊशे मिलिलीटर पाणी. बाटलीवरची टक्केवारी वाचून हिशेब करावा, कारण दुकानातल्या बाटल्या सारख्या नसतात आणि जुनं ब्लीच अशक्त होतं. द्रावण रोज ताजं करायचं. बुडवून झाल्यावर टोक स्वच्छ पाण्याने खळखळून धुऊन कोरडं करायचं. हा टप्पा घाईत सुटला तर उरलेलं ब्लीच पुढच्या रुग्णाच्या बुबुळाला भाजतं. ज्या दवाखान्यात ही कसरत झेपत नाही तिथे एकदा वापरून टाकायची टोकं हा सरळ उपाय आहे. आणि खरं म्हणजे लाल, पाणी गळणाऱ्या डोळ्याचं प्रेशर त्या दिवशी मोजण्याची गरज क्वचितच असते. गरज नसेल तर मोजूच नये.

थेंबांची बाटली रुग्णागणिक वेगळी मिळणं आपल्याकडच्या खर्चात बसत नाही. तरी लाल डोळ्याच्या रुग्णासाठी वेगळी बाटली ठेवणं किंवा ती उघडलेली बाटली लगेच टाकून देणं शक्य आहे. ज्या बाटलीचं टोक पापणीला लागलं असेल ती परत ट्रेमध्ये ठेवू नये, हा नियम तर फुकटच आहे.

हातमोज्यांबद्दल एक गैरसमज आहे. मोजे घातले की आपण सुरक्षित असं वाटतं, पण तेच मोजे घालून फोन घेतला, दार उघडलं आणि पुढच्या रुग्णाची पापणी ओढली, तर मोज्यांनी फक्त घालणाऱ्याचं रक्षण झालं. रुग्णागणिक मोजे बदलायचे आणि काढल्यावर हात धुवायचे. ज्या कर्मचाऱ्याला स्वतःलाच डोळे आले आहेत, त्याने सुरुवातीपासून साधारण दोन आठवडे रुग्णांना हात लावू नये. “दोन दिवस सुट्टी घे आणि ये” हा हिशेब अ‍ॅडिनोव्हायरसच्या वेळापत्रकात बसत नाही.

एका घराचा हिशेब

आता दवाखान्याचा विषाणू घरी आल्यावर काय होतं ते तारखांनिशी पाहू. हे घर कल्पित आहे, पण तारखा या आजाराच्या स्वभावाप्रमाणे घातल्या आहेत.

सोमवारी, ३ तारखेला आजी मधुमेहासाठी डोळ्यांचा पडदा तपासून आल्या. थेंब घातले, बराच वेळ बाकावर बसल्या, रिक्षाने घरी आल्या. पुढचा आठवडा काही नाही. ११ तारखेला सकाळी उजवा डोळा लाल, पाणी गळतंय. “पडदा तपासायला गेले तेव्हा औषध जड झालं असेल,” असं त्या म्हणतात, कारण मधे आठ दिवस गेलेले आहेत. ११ ते १३ तारखेपर्यंत सूनबाई त्यांच्या डोळ्यात थेंब घालतात. हात धुतात, पण आधी. नंतर ओट्याकडे वळतात आणि कपाळावरचा घाम मनगटाने पुसतात. १५ तारखेला आजींचा डावा डोळाही येतो.

२० तारखेला सूनबाईंचा डोळा येतो. २२ तारखेला नातू शाळेतून लाल डोळा घेऊन येतो. त्याला हा संसर्ग आजींच्या खांद्यावरच्या टॉवेलातून मिळाला, शाळेतून नाही. पण सगळे दोष शाळेला देतात. आजी आता बऱ्या वाटतात, तरी त्यांच्या अश्रूंत विषाणू साधारण २५ तारखेपर्यंत असतो. सूनबाईंच्या डोळ्यात पुढच्या महिन्याच्या ४ तारखेपर्यंत, नातवाच्या डोळ्यात ६ तारखेपर्यंत. २४ तारखेला आजींच्या मुलाला नातवाकडून संसर्ग झाला, तर त्याचा डोळा पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात येईल आणि त्याचे दोन आठवडे तिथून सुरू होतील. एका तपासणीमुळे एका घरात दीड महिना.

याच घरात एंटेरोव्हायरस आला असता तर एका आठवड्यात सगळ्यांना येऊन सगळे मोकळे झाले असते. तो त्रास जास्त वाटला असता. पण अ‍ॅडिनोव्हायरसच्या या लांबलेल्या वेळापत्रकामुळे लोक मधेच काळजी सोडतात. पहिल्याचा डोळा पांढरा दिसायला लागला की टॉवेल पुन्हा एक होतो.

घरात कुठे लक्ष द्यायचं

सगळ्या घराला फिनेलने पुसून काढण्याची गरज नाही. ज्या चार-पाच वस्तू डोळा आणि बोट यांच्या मधे येतात, तेवढ्या सांभाळल्या तरी बरंच साधतं.

टॉवेल सर्वांत वर आहे. खिळ्याला लटकलेला एकच पंचा सगळ्यांनी वापरायचा ही आपल्या घरांची सवय. ज्याला डोळे आले आहेत त्याचा टॉवेल, रुमाल आणि उशीचा अभ्रा वेगळा ठेवावा आणि रोज बदलावा. धुताना गरम पाणी, साबण आणि भरपूर विसळणं. उन्हात वाळवलेल्या कपड्यावर इस्त्री फिरवली तर आणखी बरं. डोळे पुसायला कापसाचे बोळे किंवा टिश्यू पेपर वापरावेत, एकदा वापरून झाकणाच्या डब्यात टाकावेत आणि हात धुवावेत. पुसताना नाकाकडून बाहेरच्या कडेकडे, एका डोळ्यासाठी एक बोळा.

त्यानंतर पदर आणि ओढणी. रडणाऱ्या, डोळे चोळणाऱ्या मुलाचं तोंड आई पदरानेच पुसते. तोच पदर थोड्या वेळाने तिच्या स्वतःच्या तोंडावर फिरतो आणि मग दुसऱ्या मुलाच्या. हे थांबवणं अवघड आहे, म्हणून कमरेला एक रुमाल खोचून तो फक्त आजारी मुलासाठी ठेवणं हा घरगुती तोडगा जास्त टिकतो.

काजळाची डबी, आयलायनर, गॉगल, आणि कॉन्टॅक्ट लेन्सची डबी ही यादी पाठोपाठ येते. आजार असताना वापरलेल्या लेन्स आणि त्यांची डबी टाकून द्यावी. लेन्स वापरणाऱ्याने डोळा लाल होताच लेन्स काढावी आणि डॉक्टरांना दाखवावं, कारण त्यांच्यात लाल डोळ्यामागे बुबुळाची जखमही असू शकते.

थेंब घालण्याची पद्धत सूनबाईंच्या गोष्टीवरून लक्षात आलीच असेल: थेंब घालण्याआधी हात धुवायचे, नंतर तर आवर्जून. बाटलीचं टोक पापणीला, केसाला, गालाला टेकू द्यायचं नाही. एकाच घरातल्या दोन रुग्णांना दोन बाटल्या. एका माणसाचे दोन्ही डोळे आलेले असले तरी एक बाटली चालते, फक्त टोक स्वच्छ राहायला हवं.

नळाची चावी, रिमोट, मोबाईल, दाराची कडी, दिव्यांची बटणं या वस्तू दिवसातून एकदा ओल्या साबणाच्या फडक्याने पुसून मग कोरड्या कराव्या. नळ, कडी यांना वर सांगितलेलं पातळ ब्लीच लावून दहा मिनिटं ठेवून पुसता येतं. खिडकी उघडी ठेवावी, आणि ब्लीचमध्ये टॉयलेट साफ करायचं अ‍ॅसिड कधीही मिसळू नये: त्यातून निघणारा क्लोरीन वायू फुप्फुसांना इजा करतो.

कोणते थेंब, कोणते नाहीत

अ‍ॅडिनोव्हायरसला मारणारं, सर्वत्र वापरलं जाणारं औषध आज नाही. आजार आपल्या वेळेने जातो. थंड पाण्यात भिजवून पिळलेलं स्वच्छ फडकं दिवसातून काही वेळा दहा मिनिटं मिटलेल्या डोळ्यांवर ठेवणं आणि डॉक्टरांनी सांगितलेले कृत्रिम अश्रूंचे थेंब यांनी खुपणं कमी होतं. अ‍ॅन्टिबायोटिकच्या थेंबांचा विषाणूवर काहीही परिणाम नसतो. काही डॉक्टर दुय्यम संसर्ग टाळण्यासाठी ते देतात, पण सगळ्यांना देण्याचं कारण नाही.

सर्वांत जास्त सांभाळायला हवं ते स्टिरॉइडच्या थेंबांपासून. औषधाच्या दुकानातून “डोळे आलेत, एक चांगला ड्रॉप द्या” म्हणून घेतलेल्या बाटलीत अ‍ॅन्टिबायोटिकबरोबर डेक्सामेथासोन किंवा त्यासारखं स्टिरॉइड अनेकदा असतं. ते टाकल्यावर लाली खरंच ओसरते, म्हणून लोकांना ते आवडतं. पण विषाणू डोळ्यात जास्त दिवस राहू शकतो, म्हणजे संसर्ग पसरवण्याचा कालावधी वाढतो. आणि जर मुळात तो डोळा हर्पिसच्या विषाणूने लाल झालेला असेल, तर स्टिरॉइडने बुबुळ कायमचं खराब होऊ शकतं. हर्पिसचा डोळा बाहेरून सारखाच दिसू शकतो. बुबुळाला धोका निर्माण होतो तेव्हा डॉक्टर स्वतः स्टिरॉइड देतात, पण तपासून, ठरवून आणि हळूहळू कमी करत.

गुलाबजल, मध, दुधाचे थेंब, तुरटीचं पाणी यांपैकी काहीही डोळ्यात घालू नये. हे पदार्थ निर्जंतुक नसतात आणि सुजलेल्या डोळ्यात त्यांचा दाह होतो.

ठिपके आणि दवाखान्याची पुन्हा वाट

बहुतेक डोळे दोन ते तीन आठवड्यांत पूर्ण बरे होतात. काही जणांत, विशेषतः डोळ्याला आवडणाऱ्या त्या प्रकारांत, लाली उतरत असताना एक वेगळी तक्रार सुरू होते. बुबुळाच्या पारदर्शक थरात पांढुरके बारीक ठिपके येतात. चष्म्याच्या काचेवर तुषार बसावेत तसं दिसतं: समोरून येणाऱ्या गाडीचा दिवा फुटून पसरतो, अक्षरांना सावली येते. हे ठिपके विषाणूचे नसून त्याच्या अवशेषांविरुद्ध शरीर करत असलेल्या प्रतिक्रियेचे असतात, म्हणून या टप्प्यात रुग्ण सहसा दुसऱ्याला संसर्ग देत नाही. ते महिनोन्‌महिने, काही जणांत वर्षभरही टिकतात आणि हळूहळू विरतात. नजर फारच अधू झाली तर त्यावर डॉक्टर मोजून औषध देतात.

काही गोष्टी मात्र घरी बसून पाहायच्या नसतात. डोळा जोरात दुखणं (खुपणं नव्हे, दुखणं), उजेड सहन न होणं, पापण्या मिटून उघडल्यावरही धूसर दिसणं, घट्ट पिवळा पू, डोळ्याला मार लागलेला असणं, नुकतीच डोळ्याची शस्त्रक्रिया झालेली असणं. नवजात बाळाचा डोळा लाल आणि पुवाळलेला असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. आणि आठवडा उलटूनही आजार वाढतच असेल, तर पुन्हा दाखवावं.

शाळा किंवा कामावर केव्हा जायचं याचं सर्वांना लागू पडणारं एकच उत्तर नाही. पाणी गळणं आणि लाली थांबेपर्यंत घरी राहणं हा व्यवहारी नियम आहे, आणि त्यात सहसा आठ ते चौदा दिवस जातात. पोळ्या लाटणारे, केस कापणारे, ब्यूटी पार्लरमध्ये भुवया कोरणारे आणि डोळ्यांच्या दवाखान्यात काम करणारे यांनी पूर्ण दोन आठवडे धरावेत.